नातं आधी की बरं वाटणं आधी? थेरपीतल्या अलायन्सची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाईड मॅडमसमोर एक आकडा फार अभिमानाने ठेवला होता. आकडा होता ०.२८. क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यातलं नातं, आणि थेरपीच्या शेवटी क्लायंटला पडलेला फरक, या दोघांमधला सहसंबंध. मी एमएस्सी संख्याशास्त्राची, त्यामुळे एवढ्या सगळ्या अभ्यासांत इतका स्थिर राहिलेला आकडा बघून मला भरून आलं होतं. मॅडमनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाण कुठल्या दिशेला आहे?"

मला उत्तर आलं नाही. पुढचे सहा महिने मी त्या एका प्रश्नाचा इतिहास वाचण्यात घालवले. आज तोच तुम्हाला सांगते, कारण मानसशास्त्रात संशोधन करायचं असेल तर हा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी विचारला जाणारच.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत याला थेरप्यूटिक अलायन्स म्हणतात. मराठीत 'युती' म्हटलं की आपल्याला लगेच जागावाटप आठवतं, म्हणून मी सरळ 'अलायन्स' हाच शब्द ठेवते.

कल्पना जुनी आहे. फ्रॉइडने १९१२ च्या एका लेखात पेशंटला डॉक्टरबद्दल वाटणाऱ्या भावनांचे भाग पाडले होते. त्यातला साधा, स्नेहाचा, पेशंटला स्वतःलाही कळणारा भाग उपचाराला पुढे नेतो, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे एलिझाबेथ झेट्झेलने १९५६ मध्ये 'थेरप्यूटिक अलायन्स' आणि राल्फ ग्रीनसनने १९६५ मध्ये 'वर्किंग अलायन्स' हे शब्द रुळवले. पण ही सगळी मनोविश्लेषकांची घरातली चर्चा होती. वर्तनोपचार करणाऱ्यांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने भीती जाते ती भीतीच्या गोष्टीला वारंवार सामोरं गेल्यामुळे, समोर बसलेल्या माणसाशी पटल्यामुळे नाही.

दुसरीकडे एक अवघड गोष्ट साचत चालली होती. सॉल रोझेन्झ्वाइगने १९३६ मध्येच एका छोट्या लेखात लिहून ठेवलं होतं की एकमेकांच्या अगदी उलट सिद्धांत मांडणाऱ्या उपचारपद्धतींनाही यश येताना दिसतं, म्हणजे त्यांच्यात काहीतरी न सांगितलेलं समान असलं पाहिजे. त्याने त्यासाठी 'अ‍ॅलिस'च्या गोष्टीतला डोडो पक्षी वापरला, जो शर्यतीनंतर सगळ्यांनाच विजेता ठरवून बक्षीस देतो. १९७५ मध्ये लेस्टर लुबोर्स्की आणि सहकाऱ्यांनी तोवरचे तुलनात्मक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा पद्धती-पद्धतींमध्ये फारसा फरक दिसेना. डोडो परत आला. मग प्रश्न उरला: समान आहे ते नेमकं काय?

इथे एडवर्ड बोर्डिन येतो. मिशिगन विद्यापीठातला माणूस. १९७९ चा त्याचा लेख तुम्ही वाचाच, लहान आहे आणि त्यात एकही आकडेमोड नाही. त्याने मनोविश्लेषकांकडून हा शब्द उचलला आणि त्यातलं अबोध मन, बालपण वगैरे बाजूला ठेवून त्याची मोडणी तीन भागांत केली. पहिला भाग म्हणजे उद्दिष्ट: आपल्याला इथून कुठे पोहोचायचंय यावर दोघांचं एकमत आहे का? दुसरा भाग म्हणजे कामं: तिथे पोहोचण्यासाठी जे करायचंय ते योग्य आहे असं दोघांना वाटतं का? आणि तिसरा भाग बंध, म्हणजे विश्वास, आस्था, एकमेकांबद्दलचा आदर.

बहुतेक जण अलायन्स म्हणजे फक्त तिसरा भाग समजतात. मीही समजत होते. "थेरपिस्ट प्रेमळ असला की झालं" असं ते नाही. एक उदाहरण घ्या. पॅनिकचे झटके येणाऱ्या माणसाला थेरपिस्ट सांगतो, जिना पळत चढा, छाती धडधडू द्या आणि थांबून त्या धडधडीकडे लक्ष द्या. ही खरोखरची पद्धत आहे. धडधड म्हणजे हार्ट अटॅक नव्हे हे शरीराला अनुभवाने शिकवायचं असतं. आता या क्लायंटला थेरपिस्ट कितीही आवडत असला, तरी 'धडधड आणायची कशाला, ती घालवायलाच तर मी आलोय' असं त्याच्या मनात असेल, तर तो जिना अर्ध्या मनाने चढेल, किंवा घरी चढलो म्हणून सांगेल. बंध आहे, कामावर एकमत नाही. बोर्डिनच्या हिशेबात हा अलायन्स कच्चा.

आणि म्हणूनच ही कल्पना सगळ्या पद्धतींना लागू पडली. मनोविश्लेषणात काम असतं मनात येईल ते न गाळता बोलण्याचं, कॉग्निटिव्ह थेरपीत विचारांची नोंदवही लिहिण्याचं, वर्तनोपचारात जिना चढण्याचं. कामं वेगळी, पण क्लायंटला ती पटलेली असणं सगळीकडे लागतं. बोर्डिनने तर पुढे जाऊन म्हटलं की ज्याला बदल हवाय आणि जो बदलाला मदत करतोय अशा कुठल्याही जोडीत हे असतं, शिक्षक-विद्यार्थ्यातसुद्धा. (गाईडशी तुमचं उद्दिष्टावर एकमत आहे का, हे एकदा तपासून बघा. मी बघितलं. नव्हतं.)

कल्पना छान, पण मोजायची कशी? याचं उत्तर ज्याने दिलं तो त्या वेळी आपल्यासारखाच पीएचडीचा विद्यार्थी होता. अ‍ॅडम हॉर्वथने ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात बोर्डिनच्या तीन भागांवर प्रश्नावली रचली. लेस्ली ग्रीनबर्गसोबत १९८९ मध्ये ती प्रकाशित झाली: वर्किंग अलायन्स इन्व्हेंटरी. एकूण ३६ विधानं, प्रत्येक भागाला १२, आणि प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण. एक प्रत क्लायंट भरतो, एक थेरपिस्ट भरतो. पुढे १२ विधानांची छोटी आवृत्ती आली आणि आज जास्त करून तीच वापरतात.

प्रश्नावली हातात आली आणि अभ्यासांचा पूर आला. हॉर्वथ आणि सायमंड्स यांनी १९९१ मध्ये २४ अभ्यास एकत्र केले तेव्हा सहसंबंध आला ०.२६. फ्ल्यूकिगर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २९५ अभ्यास, तीस हजारांहून जास्त क्लायंट घेतले, आणि आकडा आला ०.२७८. जवळजवळ तोच. उपचारपद्धत कोणती, यानेही त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

०.२८ चा वर्ग केला की ०.०७८ येतात. म्हणजे क्लायंट-क्लायंटमध्ये सुधारणेचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण ८ टक्के भाग अलायन्सच्या फरकाशी जुळतो. ऐकायला कमी वाटतं. पण उरलेल्या ९२ टक्क्यांत माणसाचा आजार किती जुना, घरची परिस्थिती, नोकरी गेली की मिळाली, मोजमापातली चूक, सगळं येतं. थेरपीच्या खोलीत घडणाऱ्या गोष्टींपैकी इतक्या सातत्याने निकालाशी जुळणारी दुसरी गोष्ट सापडणं कठीण आहे.

या पुरातला एक अभ्यास मला सगळ्यात जास्त हलवून गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने नैराश्यावर एक मोठा प्रयोग केला होता. लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं चार गटांत वाटलं: कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, इंटरपर्सनल थेरपी, इमिप्रामिन नावाचं औषध, आणि औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. गोळ्यांच्या दोन्ही गटांत डॉक्टर दर आठवड्याला वीस-तीस मिनिटं भेटायचे, तब्येत विचारायचे, धीर द्यायचे, पण थेरपीचं तंत्र वापरायला मनाई होती. जॅनिस क्रुपनिक आणि सहकाऱ्यांनी नंतर २२५ पेशंटच्या सत्रांचे व्हिडिओ काढले आणि त्रयस्थ तज्ज्ञांकडून अलायन्सला गुण देऊन घेतले. १९९६ मध्ये निकाल छापला. दोन्ही थेरपींत अलायन्स आणि सुधारणा यांचा संबंध दिसला, हे अपेक्षित होतं. पण तो औषधाच्या गटातही दिसला. आणि खोट्या गोळीच्या गटातही.

थोडं थांबून विचार करा. गोळीत काही नाही, तंत्र काही नाही, आठवड्याला अर्धा तास एक डॉक्टर भेटतोय, आणि तिथेही नातं चांगलं असलेले पेशंट जास्त सुधारतात. आणखी एक बारीक मुद्दा त्यात होता. गुण देताना पेशंटचा वाटा आणि थेरपिस्टचा वाटा वेगळा मोजला होता. सुधारणेशी जुळला तो पेशंटचा वाटा. थेरपिस्टचा जुळला नाही. यावरून 'थेरपिस्टला महत्त्व नाही' असा अर्थ काढायची घाई करू नका. त्या प्रयोगातले थेरपिस्ट निवडून घेतलेले, प्रशिक्षण दिलेले होते. सगळेच बऱ्यापैकी चांगले असतील तर त्यांच्यात फरक उरत नाही, आणि जिथे फरक नाही तिथे सहसंबंध येणार कुठून? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मॅडमचा बाण.

समजा एक क्लायंट आहे. नैराश्याच्या चाचणीत सुरुवातीला तिचे ३० गुण. तिसऱ्या सत्रापर्यंत ते २० वर आले, शेवटी १०. आपण अलायन्स मोजला तिसऱ्या सत्रात आणि तो भरपूर निघाला. पेपरात लिहिलं: सुरुवातीचा अलायन्स चांगला, एकूण सुधारणा २० गुण, म्हणजे अलायन्सने सुधारणेचं भाकीत केलं. पण त्या २० पैकी १० गुण तर मोजणी व्हायच्या आधीच कमी झाले होते! तीन आठवड्यांत ज्या बाईला बरं वाटायला लागलंय, ती तुमच्या थेरपिस्टवर विश्वास आहे का या प्रश्नाला ७ पैकी ७ देणारच. नैराश्याच्या थेरपीत बरीचशी सुधारणा पहिल्या काही आठवड्यांतच होते, त्यामुळे ही शंका पुस्तकी नाही. बाण सुधारणेकडून अलायन्सकडे जात असू शकतो.

रॉबर्ट डिरुबाइस आणि फीली यांनी १९९० मध्ये नेमकं हेच दाखवलं. त्यांनी कॉग्निटिव्ह थेरपीत मोजणीच्या आधीची सुधारणा आणि नंतरची सुधारणा वेगळी केली. सुरुवातीचा अलायन्स पुढच्या सुधारणेचं भाकीत करेना. सुरुवातीच्या सत्रांत थेरपिस्टने ठोस तंत्र किती वापरलं, ते करत होतं. उलट आधी झालेली सुधारणा नंतरच्या अलायन्सशी जुळत होती. १९९९ मध्ये त्याच गटाने पुन्हा केलेल्या अभ्यासातही सुरुवातीच्या अलायन्सने पुढचं काही सांगितलं नाही. अलायन्सवाल्यांना हा चांगलाच फटका होता. पण दोन्ही अभ्यास लहान, जेमतेम २५ क्लायंटचे. ०.२८ इतका सहसंबंध २५ माणसांत दिसलाच पाहिजे असं काही नाही. माझ्या हिशेबाने एवढ्या नमुन्यात तो सापडण्याची शक्यता तीनात एकपेक्षाही कमी असते. त्यामुळे 'नाही सापडला' याला फार वजन देता येत नाही.

मोठं उत्तर २००३ मध्ये आलं. डॅनियल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं नैराश्य असलेले ३६७ पेशंट घेतले. अलायन्स लवकर मोजला, मग आधी झालेली सुधारणा हिशेबातून वजा केली. शिवाय पेशंटची आठ वैशिष्ट्यंही हिशेबात धरली, ज्यांमुळे माणूस नातंही चांगलं जोडतो आणि लवकर बराही होतो अशी शंका घेता येते. एवढं करूनही लवकरचा अलायन्स पुढच्या सुधारणेचं भाकीत करत राहिला. उलट दिशेने, म्हणजे सुरुवातीच्या लक्षणांवरून नंतरचा अलायन्स कसा असेल, हे मात्र सांगता येईना.

मी हा पेपर घेऊन धावत मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "छान. पण चांगलं नातं कोणामुळे? क्लायंटमुळे की थेरपिस्टमुळे?"

हा प्रश्न बाणापेक्षा अवघड निघाला. एखादा क्लायंट मुळातच माणसांवर पटकन विश्वास टाकणारा असतो. तो कुठल्याही थेरपिस्टकडे गेला तरी अलायन्सला चांगले गुण देईल, आणि बहुधा कुठेही सुधारेल. तसं असेल तर ०.२८ हा सगळा क्लायंटच्या स्वभावाचा खेळ. किंवा उलट, काही थेरपिस्ट असे असतात की त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांशी त्यांचं जमतं. एका थेरपिस्टकडे एकच क्लायंट मोजला तर या दोन गोष्टी वेगळ्या करणं अशक्य आहे. एका थेरपिस्टचे अनेक क्लायंट लागतात.

आकडे घेऊन बघू. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत. थेरपिस्ट 'क'चे तीन क्लायंट: अलायन्सचे गुण ७०, ७५, ८०, आणि त्यांची सुधारणा अनुक्रमे १६, १९, १६. थेरपिस्ट 'ख'चे तीन: अलायन्स ५०, ५५, ६०, सुधारणा ८, ११, ८. आता फक्त 'क'च्या खोलीत बघा. ७० वाला आणि ८० वाला दोघेही सारखेच सुधारले. आतला सहसंबंध शून्य. 'ख'च्या खोलीतही शून्य. पण सहाही जण एका आलेखावर टाकले की रेघ मस्त वर चढताना दिसते, कारण 'क'ची सरासरी दोन्हीकडे 'ख'पेक्षा वर आहे. उलटंही होऊ शकतं: दोन्ही थेरपिस्टची सरासरी सारखी आणि सगळा संबंध खोलीच्या आत. एकच सहसंबंध काढला तर या दोन्ही चित्रांतून ०.२८ निघू शकतो, आणि तुम्हाला कळणारही नाही कुठलं चित्र आहे.

स्कॉट बाल्डविन, ब्रूस वॉम्पोल्ड आणि झॅक इमेल यांनी २००७ मध्ये ही मोडणी केली. विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांतले ३३१ क्लायंट, ८० थेरपिस्ट. प्रत्येक क्लायंटच्या अलायन्सचे दोन तुकडे केले: त्याच्या थेरपिस्टची सरासरी, आणि त्या सरासरीपासून तो स्वतः किती वर किंवा खाली. निकाल माझ्या पहिल्या चित्रासारखा आला. सरासरीने चांगला अलायन्स जमवणाऱ्या थेरपिस्टचे क्लायंट जास्त सुधारले. एकाच थेरपिस्टच्या क्लायंटमध्ये कोणाचा अलायन्स वर, कोणाचा खाली, याचा सुधारणेशी संबंध दिसला नाही.

क्रुपनिकचा निकाल आठवतोय ना? तिथे पेशंटचा वाटा जुळला होता, इथे थेरपिस्टचा. मला वाटतं दोन्ही अभ्यासांचं मोजमाप वेगळं आहे हे आधी धरावं. तिथे व्हिडिओ बघणाऱ्या त्रयस्थांनी गुण दिले, इथे क्लायंटनी स्वतः. तिथे थेरपिस्ट चाळून घेतलेले, इथे रोजच्या केंद्रांतले, चांगले-मध्यम-कच्चे सगळे. शिवाय एका थेरपिस्टमागे सरासरी चारच क्लायंट असतील तर खोलीच्या आतला संबंध पकडणं जरा कठीणच. म्हणून बाल्डविनचा निकाल मी महत्त्वाचा मानते, पण शेवटचा मानत नाही. तुम्ही डेटा गोळा करणार असाल तर कोणता क्लायंट कोणत्या थेरपिस्टचा, हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. मी ठेवला नव्हता. चाळीस फॉर्म वाया गेले.

आणखी एक गोष्ट फॉर्म भरून घेताना कळली. लोक प्रश्नावलीत वरचेच गुण देतात, ६ आणि ७ ची रांग लागते. थेरपिस्टला वाईट म्हणणं बरं दिसत नाही. त्यातून आपल्याकडे तर 'हो मॅडम, पटलं' हे न पटल्याचंही उत्तर असतं. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन यांनी नात्यात पडणाऱ्या चिरांवर आयुष्यभर काम केलं, आणि त्यांनी चिरांचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात क्लायंट उघड भांडतो. दुसऱ्यात तो आत जातो: उत्तरं तोकडी होतात, विषय बदलतो, फार पटकन 'हो' म्हणतो. प्रश्नावलीत हा दुसरा प्रकार सहज सुटतो. रेकॉर्डिंग ऐकलं तर सापडतो.

चिरेच्या क्षणी काय चुकतं हे लुई कास्टोन्ग्वे आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात फार स्पष्ट दिसतं. कॉग्निटिव्ह थेरपी घेणारे ३० निराश क्लायंट. अलायन्स सुधारणेशी जुळला, हे नेहमीचंच. पण 'तुमच्या चुकीच्या विचारांमुळे तुम्हाला असं वाटतं' यावर थेरपिस्ट जितका जास्त भर देई, तितका निकाल वाईट येत होता. म्हणजे पद्धतीचं मुख्य हत्यारच उलटं पडत होतं! त्यांनी मग सत्रं जवळून तपासली. क्लायंट म्हणे की मला हे लागू पडत नाही, किंवा गप्प होई. अशा वेळी काही थेरपिस्ट पद्धतीचं समर्थन आणखी जोरात करत, किंवा क्लायंटचा हा आक्षेपसुद्धा एक चुकीचा विचार आहे असं धरून तोच दुरुस्त करायला घेत. क्लायंट अजून मागे सरके, थेरपिस्ट अजून जोर लावी.

हा पेपर मी मॅडमना दाखवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "यातल्या सत्रांसारखी तुझ्या डेटात किती आहेत ते मोज." सध्या तेच करतेय. ६२ सत्रांची रेकॉर्डिंग आहेत, १९ ऐकून झाली.